करंगळीचे मधले पेर

आत्या: सर्वांना नमस्कार. परवा ज्या गृहस्थांनी आमच्या मुलीचा हात पाहिला, त्यांनी तिच्या करंगळीचे मधले पेर आखूड असल्याचे सांगून शिवणकामाचा स्वतंत्र व्यवसाय मुळीच सुरू करू नये, असे बजावले आहे. यंत्र घ्यायचे ठरलेले आहे आणि मला दोन रात्री झोप नाही. अण्णा, तू इतकी वर्षे हात पाहतोस, तेव्हा यात तथ्य आहे का ते स्पष्ट लिही. सोबत फोटो पाठवते.

धाकट्या काकू: वन्सं, मामंजींची करंगळी अगदी अशीच होती.

अण्णा काका: तुझा फोटो हाताच्या पाठीकडून काढलेला आहे, त्यावरून काहीही सांगता येणार नाही. पेरे नेहमी तळव्याच्या बाजूने, सांध्याच्या एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत मोजायची असतात. शास्त्र काय म्हणते तेही सांगतो. प्रत्येक बोटाची तीन पेरे म्हणजे माणसाच्या तीन पातळ्या मानतात: नखाचे पेर विचारांचे, मधले व्यवहाराचे आणि मुळाचे पेर देहाच्या सुखांचे व गरजांचे. करंगळी बुधाची असल्यामुळे तिच्या वरच्या पेरावरून वाणी, मधल्यावरून चिकाटी आणि मुळाच्या पेरावरून देवघेवीतील हुशारी पाहतात. मधले पेर आखूड असेल तर चिकाटी कमी, असे ग्रंथांत लिहिलेले आहे हे मी नाकारत नाही.

आत्या: म्हणजे ते गृहस्थ बरोबरच म्हणाले.

अण्णा काका: ग्रंथात आहे एवढेच मी म्हणालो. आधी नीट मोजून पाठव.

धाकटे काका: अण्णा, माझ्या चारही बोटांची मुळाची पेरे चांगली गुबगुबीत आहेत. सकाळी मला लवकर उठवत नाही याचे कारण घरातल्यांना आता तरी पटावे.

आत्या: इथे माझ्या मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे आणि तुला थट्टा सुचते, याचे मला वाईट वाटते.

अण्णा काका: थट्टेतला मुद्दा मात्र खरा आहे. मुळाची पेरे भरीव आणि दाबल्यावर मऊ लागली तर माणूस सुखासीन मानतात. तीच पेरे कंबरेसारखी आत गेलेली असून बोटे जुळवल्यावर मधून उजेड दिसत असेल, तर पैसा हातात टिकत नाही असे म्हणतात. पण वर्षानुवर्षे घट्ट अंगठी घातलेल्या बोटाचे मूळ आपोआप आत जाते. मी एकदा अनामिकेच्या अशाच खळग्यावरून एका बाईंना उधळ्या ठरवले होते, ती माझी चूक होती. तेव्हापासून मी आधी अंगठी कधीपासून घालता, हे विचारतो.

धाकट्या काकू: मी पुन्हा लिहिते, कारण बहुधा कोणी वाचले नाही. मामंजींची करंगळी अगदी अशीच होती.

ताई: अण्णामामा, मी स्वतः पट्टीने मोजले. उजव्या करंगळीचे वरचे पेर 22 मिलिमीटर, मधले 12 आणि मुळाचे 18 भरले. डाव्या हाताची मापेही जवळपास तीच आहेत. करंगळीचे टोक दोन्ही हातांवर अनामिकेकडे किंचित झुकलेले आहे. त्या गृहस्थांनी पाठीकडून पाहून मुळाचे पेर फार लांब आहे, म्हणून मी पैशाच्या मागे लागणारी आहे, असेही सांगितले होते. ते मी आईला बोलले नव्हते.

दादा: मी फिजिओथेरपीचे काम करतो आणि रोज हात हाताळतो, म्हणून एवढे सांगू इच्छितो. मुळाचे हाड मुठीच्या उंच सांध्यापासून सुरू होते. तळव्याच्या बाजूला मात्र बोटांमधल्या कातडीच्या पडद्याने त्या हाडाचा जवळपास अर्धा भाग झाकलेला असतो. ताई, मूठ वळून उंच सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत मोजलेस तर 18 च्या जागी 34-35 मिलिमीटर भरतील. हे हाड तिन्हींमध्ये सर्वांचेच सर्वांत लांब असते. त्यामुळे पाठीकडून पाहणाऱ्याला जगातला प्रत्येक माणूस पैशाच्या मागे लागलेला दिसेल. आम्ही पेरांची गणतीही उलटी करतो: आमचे पहिले हाड मुळाचे आणि हस्तरेषेतले पहिले पेर नखाचे.

अण्णा काका: बरोबर आहे. नुसते 'पहिले पेर' म्हटले की घोटाळा होतो, म्हणून मी कायम नखाचे, मधले, मुळाचे असेच म्हणतो. अंगठ्याला तर दोनच पेरे दिसतात, नखाचे इच्छाशक्तीचे आणि त्याखालचे तर्काचे. तिसरे म्हणून आम्ही शुक्राचा उंचवटा धरतो.

आत्या: अंगठ्याचे नंतर पाहू. 12 मिलिमीटर म्हणजे आखूडच ना?

दादा: हो, आत्या, आखूडच आहे. सर्वसाधारण करंगळीत मधले पेर यापेक्षा ठळकपणे लांब असते. पण दोन्ही हातांवर सारखे आखूड मधले पेर आणि आत झुकलेले टोक, हे लक्षण बऱ्याचदा घराण्यात चालत येते. मधले हाडच जन्मतः छोटे असते, बोटाचे काम अडत नाही आणि उपचारही लागत नाहीत. अशा आखूड बोटांच्या एका प्रकाराच्या घराण्यातील नोंदी अमेरिकेत फॅराबी यांनी 1905 मध्ये प्रसिद्ध केल्या. मेंडेलच्या नियमांप्रमाणे माणसात गुण कसा उतरतो, याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत त्या मोजल्या जातात. पेराच्या लांबीवरून चिकाटी ठरते, याला मात्र कोणताही आधार मला कधी आढळलेला नाही.

अण्णा काका: बाळा, तुझे शरीराचे ज्ञान मला मान्य आहे, पण 40 वर्षे हात पाहून मला जे जाणवले तेही सरसकट खोटे आहे असे म्हणू नकोस. एका पेरावरून निकाल द्यायचा नसतो, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आलो आहे.

दादा: अण्णाकाका, तुमचा अनादर करण्याचा हेतू नव्हता. बोटांच्या गाठींबद्दल मात्र तुम्हाला विचारायचे होते. नखाजवळच्या सांध्याची गाठ म्हणजे विचारांत शिस्त आणि मधल्या सांध्याची गाठ म्हणजे वस्तूंत टापटीप, असे तुम्ही सांगता. त्याच दोन जागी उतारवयात सांधे झिजून हाडाच्या गाठी येतात. मग साठीनंतर सगळेच शिस्तीचे होतात का?

अण्णा काका: म्हणूनच गाठ तरुणपणापासून आहे की नंतर आली, हे विचारावे लागते. न विचारता सांगणाऱ्याचा मी बचाव करणार नाही.

धाकट्या काकू: मी आता तिसऱ्यांदा लिहीत आहे. या घरात माझे बोलणे नेहमीच शेवटी ऐकले जाते, त्याची मला सवय झाली आहे. भाऊजी, तुम्हीच 1987 मध्ये मामंजींच्या दोन्ही हातांचे शाईचे ठसे घेतले होते. ते माझ्या कपाटात आहेत. आत्ता पट्टी लावून पाहिले: उजव्या करंगळीचे मधले पेर 13 मिलिमीटर, टोक अनामिकेकडे झुकलेले. त्याच हाताने त्यांनी 31 वर्षे छापखाना चालवला आणि रोजची खातेवही स्वतः लिहिली. फोटो पाठवते.

अण्णा काका: ठसा माझाच आहे, कडेला अक्षरही माझे आहे. वडिलांची मुद्रा वाचताना मी मधल्या पेराबद्दल काहीच लिहिलेले नाही, फक्त 'वाणी उत्तम' एवढे टिपले आहे. चिकाटीचा माणूस समोर बसलेला असल्यामुळे ते आखूड पेर मला तेव्हा दिसलेच नसावे. सूनबाई, तुमचा पहिला संदेश मी नीट वाचायला हवा होता, त्याबद्दल क्षमस्व.

आत्या: बाबांची करंगळी मी लहानपणी धरून चालत असे, तरी माझ्या लक्षात आले नाही. वहिनी, तो ठसा कृपया जपून ठेवा. मी माझी करंगळी आत्ता मोजली: 14.

ताई: मामी, ठशाचा आणखी जवळून काढलेला एक फोटो मला पाठवाल का? यंत्र गुरुवारी येत आहे.