मदत हवी आहे: टीम बोनसचे १,२०,००० रुपये रेटिंग आणि महिन्यांप्रमाणे कसे वाटायचे?

शिरोलीचा सुपरवायझर

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून देतो. यंदा रिजेक्शन बरंच खाली आलं, म्हणून मालकांनी आमच्या सेलला एकरकमी १,२०,००० रुपये दिलेत. म्हणाले, "ज्याचं काम चांगलं त्याला जास्त, जो उशिरा आला त्याला त्या मानानं. वाटप तू करून आण, पण एक रुपया इकडं तिकडं नको." माझं ते वेगळं बघणार आहेत, त्यामुळं यादीत मी नाही. तेवढी एक कटकट वाचली.

यादी अशी. सेटर, रेटिंग ५, बारा महिने. पहिला ऑपरेटर, रेटिंग ४, बारा महिने. दुसरा ऑपरेटर, रेटिंग ३, बारा महिने. इन्स्पेक्शनच्या ताई, रेटिंग ४, आठ महिने. हेल्पर, रेटिंग ३, पाच महिने. रेटिंग मालकांनीच पाचपैकी दिलंय.

मी काय केलं, तर १,२०,००० भागिले ५, म्हणजे प्रत्येकी २४,०००. मग त्याला महिने भागिले १२ नं गुणलं आणि रेटिंग भागिले ५ नं गुणलं. सेटरला २४,०००, पहिल्या ऑपरेटरला १९,२००, दुसऱ्याला १४,४००, ताईंना १२,८०० आणि हेल्परला ६,०००. बेरीज आली ७६,४००. उरलेले ४३,६०० कुणाचे? तीनदा केलं, तेवढेच उरतात. कुठं चुकतंय?

उजळाईवाडीकर

चुकत नाही भावा, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. उरलेले ४३,६०० पाच जणांत सारखे वाट. प्रत्येकी ८,७२० आले. बेरीज जुळली, विषय संपला.

दिवाळीची वाट बघणारा

दादा, बोनस ८.३३ टक्क्यांच्या खाली देताच येत नाही. मालकांना आधी ते विचारा. आमच्याकडं गेल्या दिवाळीला असंच गुंडाळलं होतं.

शिरोलीचा सुपरवायझर

दिवाळीचा बोनस आम्हाला नेहमीसारखा मिळालाय. हे त्याच्या वरचं आहे. ८.३३ चा इथं संबंध नाही.

पगारपत्रकवाली

मी एका कारखान्याचं पेरोल बघते, म्हणून बोलते. उजळाईवाडीकर, तुमच्या हिशोबानं दुसऱ्या ऑपरेटरला १४,४०० अधिक ८,७२०, म्हणजे २३,१२० मिळतील. हेल्परला ६,००० अधिक ८,७२०, म्हणजे १४,७२०. दोघांचं रेटिंग ३ च. आता महिन्यावर आणा. ऑपरेटरला महिन्याला १,९२७ आणि हेल्परला २,९४४ पडतात. पाच महिने आलेला माणूस महिन्यामागं दीडपट घेऊन गेला. हे त्या ऑपरेटरला कळलं की दुसऱ्या दिवशी मशीनवर काय होईल ते सांगायला नको.

सुपरवायझरसाहेब, तुमची चूक पहिल्याच पायरीला आहे. तुम्ही आधी पाच समान वाटे केलेत आणि नंतर प्रत्येकाच्या वाट्याला कात्री लावलीत. ज्याचं रेटिंग ५ आणि महिने १२ तोच पूर्ण वाटा घेणार, बाकी सगळ्यांचं कापलं जाणार. कापलेले तुकडे कुणाच्या खात्यात जातच नाहीत, तेच तुमचे ४३,६००.

दूध संस्थेचा सचिव

मला कंपनीतलं कळत नाही, पण हे आमच्या दूध फरकासारखंच दिसतंय. दिवाळीला फरकाची रक्कम एकच ठरलेली असते. आम्ही सभासदाला आधी पैसे धरून नंतर कापत नाही. वर्षभराचं सगळ्यांचं लिटर एकत्र करायचं, फरकाच्या रकमेला त्यानं भागायचं, लिटरला किती पडले ते काढायचं. मग ज्याचं जेवढं दूध तेवढ्यानं गुणायचं. म्हशीचं आणि गाईचं वेगळं असतंय, ते सोडा. आमच्या इथं एकदा एका सभासदाचं लिटर दोन पानांवर लागलं होतं, तेव्हा सगळ्या गावाचा दर पैशात खाली आला होता आणि कुणाला कळेना का.

पगारपत्रकवाली

सचिवसाहेबांनी नेमकं सांगितलं. इथं लिटरच्या जागी रेटिंग गुणिले महिने घ्या. सेटर ६०, पहिला ऑपरेटर ४८, दुसरा ३६, ताई ३२, हेल्पर १५. एकूण १९१. एका गुणाचा भाव १,२०,००० भागिले १९१, म्हणजे ६२८ रुपये २७ पैसे. सेटरला ३७,६९६, पहिल्याला ३०,१५७, दुसऱ्याला २२,६१८, ताईंना २०,१०५, हेल्परला ९,४२४. बेरीज करून बघा, बरोबर १,२०,००० येते.

तुमचे उरलेले ४३,६०० सारखे न वाटता तुमच्याच आकड्यांच्या प्रमाणात वाटलेत तरी हेच उत्तर येईल. म्हणजे उजळाईवाडीकरांचं "उरलेलं परत वाटा" अर्धं बरोबर होतं, फक्त "सारखे" हा शब्द चुकला.

पण याच्यावर लगेच सही घेऊ नका. सेटरचं ३७,६९६ आणि तेवढेच महिने केलेल्या दुसऱ्या ऑपरेटरचं २२,६१८, हा फरक मालकांच्या मनात आहे का? रेटिंगचा आकडा थेट गुणला की ५ वाल्याला ३ वाल्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास जातं. ५ आणि ३ हे शेरे आहेत, मापं नव्हेत. आमच्याकडं ३ म्हणजे "काम नीट केलं", त्याला १ धरतात. ४ ला १.१५ आणि ५ ला १.३. हे आकडे आमचे, तुमचे मालक दुसरे ठरवतील. पण माणसांची नावं आणि रुपये डोळ्यांसमोर यायच्या आधी ते ठरवून घ्या. नंतर ठरवलेत तर "याला थोडं वाढव" सुरू होतं, आणि इथं रक्कम बांधलेली आहे, एकाचं वाढवलं की बाकी चौघांचं कमी होतं.

शिरोलीचा सुपरवायझर

मालकांना विचारलं. त्यांना १, १.१५, १.३ पटलं. एक्सेलमध्ये बसवलं तर भलतंच झालं. डी कॉलममध्ये महिने गुणिले गुणांक आहे: १५.६, १३.८, १२, ९.२, ५. मग हे लिहून खाली ओढलं:

```
=120000*D2/SUM(D2:D6)
```

सेटरला ३३,६६९ आले, पहिल्या ऑपरेटरला ४१,४००, दुसऱ्याला ५४,९६२, ताईंना ७७,७४६ आणि हेल्परला पूर्ण १,२०,०००! पोरगं मागं उभं राहून बघत होतं, म्हणालं "साहेब, असंच राहू द्या की."

पगारपत्रकवाली

हसू आलं. खाली ओढताना बेरजेची हद्दही खाली सरकते. शेवटच्या ओळीत बेरीज `D6:D10` ची झाली, म्हणजे हेल्परचे एकट्याचे ५. पाच भागिले पाच, सगळे पैसे त्याचे. पहिली ओळ बरोबर आणि पुढं आकडे चढत गेले, की हीच चूक समजायची. डॉलर लावा:

```
=ROUND(120000*D2/SUM($D$2:$D$6),0)
```

शिरोलीचा सुपरवायझर

आलं. ३३,६६९, २९,७८४, २५,८९९, १९,८५६, १०,७९१. पण बेरीज १,१९,९९९. मालक एक रुपया विचारणार म्हणजे विचारणार.

उजळाईवाडीकर

सेटरच्या वाट्यात टाक रुपया. सगळ्यात मोठी रक्कम त्याचीच.

पगारपत्रकवाली

एका रुपयाला काय, कुठंही टाका. पण नियम असलेला बरा. ज्याचे पैसे सगळ्यात जास्त कापले गेले त्याला द्या. दोन दशांश दाखवून बघा: सेटरचे ०.०६ गेले, हेल्परचे ०.३७. रुपया हेल्परचा, १०,७९२.

पाकिटात पाचशेच्या नोटा घालून द्यायचा विचार असेल तर हाच नियम फार महाग पडतो. सगळ्यांचे खालच्या पाचशेवर आणले तर १,१८,५०० होतात, उरतात तीन नोटा. त्या दुसऱ्या ऑपरेटरला, ताईंना आणि हेल्परला जातील. हेल्परचे २९१ उरले होते आणि पहिल्या ऑपरेटरचे २८४. सात रुपयांनी त्याची पाचशेची नोट हुकली. हे त्याला समजावत बसण्यापेक्षा पगाराबरोबर बँकेत टाका, रुपयापर्यंत. पगाराच्या स्लिपवर तसंही दाखवावंच लागेल, पगारात धरून टीडीएसचं बघावं लागतं.

शिरोलीचा सुपरवायझर

बँकेतच टाकतो. आता एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. ताईंचे आठ महिने म्हणजे त्या उशिरा आल्या असं नाही. त्या पूर्ण वर्ष पटावर आहेत, चार महिने पगारी बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मी हजेरीवरून आठ लिहिले. आज जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच विचारलं, "दादा, माझे किती धरलेत?" मला उत्तर देता आलं नाही.

दिवाळीची वाट बघणारा

आता माझा कायदा कामाला येतोय की! १९६५ च्या बोनस कायद्यात पगारी बाळंतपणाची रजा कामाच्या दिवसांत धरलेली होती. बारा धरा.

पगारपत्रकवाली

तरतूद तशी होती, आता त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण ती कायद्यानं द्यायच्या बोनसची. तुमच्या या वरच्या रकमेला ती जशीच्या तशी लागते का, यावर आमच्या सल्लागारांमध्येच एकमत नाही. माझं मत विचाराल तर बारा धरा. आठ धरले तर रेटिंग चांगलं असूनही पगारी रजेपायी ताईंचे पैसे कापले जातात.

पण बारा धरलेत की एकूण गुण ५५.६ चे ६०.२ होतात. ताईंचे १९,८५६ चे २७,५०८ होतील, आणि ते वाढलेले ७,६५२ बाकी चौघांच्या खिशातून येतील. सेटरचे अडीच हजारांच्या वर जातात, हेल्परचे सव्वाआठशे. ताई परत आल्या आहेत आणि चौघं त्यांच्याकडं बघणार आहेत, हे लक्षात घ्या. दुसरा रस्ता असा: जुना भाव, एका गुणाला २,१५८ रुपये, तोच ठेवायचा आणि ताईंच्या चार महिन्यांचे ९,९२८ मालकांनी वरून घालायचे. कुणाचं एक पैसा कमी होत नाही. ताईंना २९,७८४ मिळतात, पहिल्या ऑपरेटरएवढेच, कारण दोघांचं रेटिंग आणि महिने सारखेच.

उजळाईवाडीकर

मालक दहा हजार आणखी काढणार? एक रुपया विचारणारा माणूस?

दूध संस्थेचा सचिव

विचारायला काय जातंय. आणि एक, हेल्पर महिन्याच्या कितव्या तारखेला आला ते बघितलं का? आमच्याकडं पंधरा तारखेच्या आत खातं उघडलं की नाही यावरनं भांडण होतं.

शिरोलीचा सुपरवायझर

तो २ तारखेला आला, पाच पूर्ण धरलेत. मालक उद्या अकराला येतात. दोन शीट छापून नेतोय, एकात ताईंचे बारा आणि वरचे ९,९२८, दुसऱ्यात बारा आणि रक्कम तीच. आठवाली फाडून टाकली. काय म्हणतात ते इथंच लिहितो.