पीडी ६१ धरू की ६४? चष्मा ऑनलाइन मागवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. नंबर दोन्ही डोळ्यांना −५.५, चष्मा लांबचं बघायला. बेळगावात डोळे तपासले, पण चिठ्ठीवर पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, लिहिलेलंच नाही.

भाच्याने कंपासपेटीतली पट्टी माझ्या भुवयांवर टेकवून हातभर अंतरावरून मोजलं. मी त्याच्या नाकाकडे बघत होतो. आलं ६१ मिमी. मग लक्षात आलं, जवळ बघताना बाहुल्या आत वळतात, म्हणजे हे वाचनाचं माप झालं. दुसऱ्यांदा त्याने उजवा डोळा मिटला, मी त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यात बघितलं आणि त्याने माझ्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य धरला. मग पट्टी न हलवता डोळे बदलून डावी बाहुली वाचली. तीनदा ६४, ६४, ६३.५. (मधे एकदा मी हसलो, ते माप सोडून दिलं.)

एवढ्या नंबरला ३ मिमी चुकलं तर साधारण १.६ प्रिझमचा ताण पडतो, म्हणून धाकधूक आहे. ६४च टाकू ना? आणि नाकापासून दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या, तर पट्टीचा मध्य नाकावर नेमका कसा धरता?