दाणे, अंडे आणि सहा महिन्यांचे बाळ: उशीर करावा की नाही?

साताऱ्याची आजी: आमच्या वेळी वर्ष पुरे होईपर्यंत बाळाला दाणे आणि अंडे कोणी देत नव्हते आणि आमची मुले धडधाकट वाढली. माझ्या नातीला सहा महिने झाले आहेत. तिच्या गालांवर आणि कोपरांच्या खोबणीत इसब आहे, ते अधूनमधून पाझरते आणि स्टिरॉइडचे मलम चालू आहे. तरीही उष्टावण होताच दाणे आणि अंडे सुरू करायचे, असा सुनेचा हट्ट आहे. ज्या बाळाला ॲलर्जीचा धोका आहे त्याच्या बाबतीत उशीर करणे हेच शहाणपण, आणि मोबाईलवर वाचून असले प्रयोग करू नयेत.

मिरजेचा बालरोगतज्ज्ञ: आजी, हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही म्हणता तोच सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली दिला होता: धोका असलेल्या बाळाला अंडे दोन वर्षांनंतर आणि दाणे तीन वर्षांनंतर. उशिराने ॲलर्जी टळते याला पुरेसा आधार नाही, हे २००८ साली त्याच संघटनेला मान्य करावे लागले. पुढे लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बाळांचे दोन गट केले गेले. एका गटाला पाच वर्षांपर्यंत दाणे पूर्ण वर्ज्य होते आणि दुसऱ्याला ते आठवड्यातून किमान तीनदा दिले जात होते. २०१५ साली निष्कर्ष आले तेव्हा वर्ज्य गटात शंभरातील सुमारे सतरा मुलांना दाण्याची ॲलर्जी होती, तर खाणाऱ्या गटात सुमारे तिघांना. ज्यांच्यासाठी तुम्ही उशीर सुचवता, नेमक्या त्याच बाळांना उशीर महागात पडला. मात्र त्वचा-चाचणीत मोठी गांधी उठलेल्या बाळांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. पाझरणाऱ्या इसबाच्या तुमच्या नातीला पहिला घास देण्याआधी डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगतो.

वाईचा बाबा: लंडनच्या बाळांचे नियम आपल्याला कशाला? आपल्या प्रत्येक भाजीत कूट असते, त्यामुळे मुलांना ते आपोआप मिळते. शिवाय उकडलेल्या शेंगांतील दाणा भाजलेल्यापेक्षा सौम्य असतो, मग तोच कुस्करून द्यावा. अंड्याचे म्हणाल, तर आधी पिवळा बलक द्यावा आणि पांढरा भाग वर्षानंतर, हे आमच्या घरी ठरलेले आहे.

मिरजेचा बालरोगतज्ज्ञ: उकडलेल्या दाण्याबद्दल तुमचे बरोबर आहे, भाजल्याने त्यातील काही प्रथिने ॲलर्जीच्या दृष्टीने अधिक तीव्र होतात. पण कुस्करलेला दाणा आणि भरड कूट सहा महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि दुर्बिणीने दाणा काढण्याची वेळ आलेली मुले आम्ही पाहतो. बलकाचा नियम मात्र निरुपयोगी आहे, कारण ॲलर्जीची मुख्य प्रथिने पांढऱ्या भागातच असतात आणि तो लांबवून संरक्षण मिळत नाही. पूर्ण उकडून घट्ट झालेले अंडे द्यावे. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले अंडे अधिक त्रास देते.

कोरेगावची आई: माझ्या मुलाचा अनुभव सांगते, कारण डॉक्टर लोकांना आकड्यांपलीकडे काही दिसत नाही. त्याला जन्मापासून इसब होता आणि सासूबाई रोज घाण्याच्या शेंगदाणा तेलाने मालिश करीत. आठव्या महिन्यात त्याला पहिल्यांदाच दाण्याच्या कुटाची खिचडी भरवली आणि वीसेक मिनिटांत तोंडाभोवती लाली, अंगभर गांधी आणि लागोपाठ उलट्या सुरू झाल्या. आम्ही ॲलर्जीच्या औषधाचे थेंब देऊन घरीच थांबलो. जे कधी खाल्लेच नव्हते त्याची ॲलर्जी कशी झाली, याचे उत्तर मला कोणी देत नव्हते. पुढे एका डॉक्टरांनी सांगितले की फुटलेल्या त्वचेतून दाण्याचा अंश शरीरात शिरला, तर शरीर त्याला शत्रू मानायला शिकते. तोच अंश वेळेवर पोटातून गेला, तर सहन करायला शिकते.

तासगावचा घाणेवाला: आता घाण्याचे तेलही गुन्हेगार ठरले! तीन पिढ्या आमच्या तेलाने बाळांना मालिश होत आहे. रिफाइंड तेल खपवण्यासाठीच हा प्रचार चालतो. एका मुलाच्या खिचडीवरून आमचा धंदा बदनाम करू नका.

कोरेगावची आई: तुमच्या धंद्यापेक्षा माझ्या मुलाचा श्वास मला प्रिय आहे. घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश राहतो की नाही, तेवढे सांगा.

तासगावचा घाणेवाला: राहतो. गाळून तळाशी जो गाळ बसतो तो दाण्याचाच असतो, हे मी नाकारत नाही. पण धडधाकट कातडीच्या लाखो बाळांना त्याने काय झाले?

मिरजेचा बालरोगतज्ज्ञ: त्या एका मुलाला तेलामुळेच ॲलर्जी झाली असे मी म्हणू शकत नाही, कारण दाण्याचा अंश घरातल्या धुळीत आणि कूट केलेल्या हातांवरही असतो. तथापि त्वचेवर शेंगदाणा तेलाची मलमे लावलेल्या मुलांमध्ये दाण्याची ॲलर्जी अधिक आढळल्याचा ब्रिटनमधला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. निरोगी त्वचेबद्दल मी वाद घालणार नाही. इसब असलेल्या त्वचेवर मात्र हे तेल नको, आणि बाळाला हात लावण्याआधी हात धुवावेत.

तासगावचा घाणेवाला: फुटलेल्या कातडीवर लावू नका, एवढेच असेल तर मान्य. तेल वाईट आहे हे मात्र मान्य नाही.

इस्लामपूरची परिचारिका: तेलाच्या भांडणात मूळ गोष्ट मागे पडली. इसब नसलेल्या किंवा सौम्य इसबाच्या बाळाला घरी कसे द्यावे, ते सांगते. बाळाला सर्दी, ताप किंवा जुलाब नसावेत, आणि सकाळची वेळ निवडावी, म्हणजे पुढचे दोन तास लक्ष ठेवता येते. भाजून सोललेले दाणे तेल सुटेपर्यंत वाटावेत आणि दोन छोटे चमचे गुळगुळीत वाटण कोमट पाण्यात किंवा नाचणीच्या सत्त्वात पातळ करावे. आधी चमच्याच्या टोकावर येईल एवढेच द्यावे, दहा मिनिटे थांबावे आणि काही दिसले नाही तर उरलेले सावकाश भरवावे. अंड्याचेही असेच, पण वेगळ्या दिवशी, म्हणजे त्रास झाला तर कशामुळे ते कळते. सोसले तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहावे. एकदा चाखवून महिनाभर विसरणे उपयोगाचे नाही.

फक्त हनुवटीवर, घास लागलेल्या जागी लाली आली आणि थोड्या वेळात गेली, तर ती बहुधा चिडलेल्या त्वचेची असते. दूरवर गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या तर देणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. खोकला, घरघर, बदललेला आवाज, वारंवार उलट्या किंवा बाळ फिकट पडून अंग सोडणे, यांपैकी काही दिसले तर ॲलर्जीच्या थेंबांवर विसंबू नये. ते गांधी कमी करतात, श्वास वाचवत नाहीत. तेथे मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच लागते, म्हणून १०८ ला फोन करावा आणि बाळाला आडवे ठेवावे.

कोरेगावची आई: म्हणजे आम्ही त्या दिवशी उलट्या होत असताना घरी थांबलो, हे धोक्याचे होते. हे कोणीतरी आधी सांगायला हवे होते.

माणची अंगणवाडी सेविका: आमच्या वाडीवरून रुग्णवाहिका यायला तास लागतो आणि ते इंजेक्शन घरी ठेवायला कोणी देत नाही. मग आमच्या बायकांनी पहिला घास कुठे द्यायचा?

मिरजेचा बालरोगतज्ज्ञ: सौम्य किंवा अजिबात इसब नसलेल्या बाळात पहिल्या घासाला जीवघेणा त्रास होणे फार क्वचित घडते, म्हणून घरी द्यायला हरकत नाही. तीव्र इसबाच्या बाळाला तो घास दवाखान्यातच द्यावा. तुमच्या वाडीसारख्या ठिकाणी ते कसे जमवावे, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

साताऱ्याची आजी: नातीला आधी तपासून घेऊ आणि तोवर दाण्याच्या तेलाचे मालिश बंद ठेवते. उशीर करणे चूक होते हे मी अजून मानलेले नाही. चाचणीत काही निघाले तर अंड्याचे काय करायचे, हे मी डॉक्टरांनाच विचारणार आहे, सुनेला नाही.