मदत हवी आहे: नातवंडांनी माझ्या मागे वाचायचं पत्र

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. नातू दहावीत, नात अजून बालवाडीत. दोघांसाठी माझ्या पश्चात वाचायचं पत्र लिहायला घेतलंय. 'नेहमी खरं बोला' छापाची वाक्यं खोडून टाकली. ती शाळेतही मिळतात. त्याऐवजी बागायतीच्या भाटाच्या मेरेवरून थोरल्या भावाशी धरलेला अबोला चवथीला गणपतीची माटोळी बांधताना कसा सुटला, ते लिहिलं. मालमत्तेबद्दल अवाक्षर नाही. मृत्युपत्र नोटरीकडे वेगळं केलंय. पत्रात 'भाट तुझं' अशी ओळ आली की भांडणाला निमित्त.

अडलंय ते असं: भाऊ हयात आहेत, त्यांना आधी वाचून दाखवावं का? नातीसाठी अठराव्या वर्षी उघडायचा वेगळा लिफाफा ठेवावा का, आणि तो सांभाळायला कोणाकडे द्यावा? आपल्या पावसात कागदाला बुरशी धरते, तुम्ही काय करता?