संशयित रेशनकार्ड शोधणारं मॉडेल: आधी परिणाम तपासणी की आधी अंमलबजावणी?

माजलगावकर:
आमच्या जिल्ह्यात संशयित रेशनकार्डं शोधून देणारं संगणकाचं मॉडेल आणायचं घाटतंय. बैठकीत मी म्हणालो, आधी त्याचा परिणाम कुणावर होईल ते तपासा आणि अहवाल लोकांपुढे ठेवा. उत्तर मिळालं, 'आधी बोगस कार्डं निघू द्या, मग बघू.' तुमचं मत काय? आणि तपासणी करायचीच तर नेमकं विचारायचं काय?

निवृत्त अव्वल कारकून:
पुरवठा शाखेत उभी हयात गेली, म्हणून सांगतो. बोगस कार्डं आहेत आणि भरपूर आहेत. मयताच्या नावावर धान्य उचललं जातं, एका घरात दोन कार्डं निघतात. माणसांकडून तपासणी करायची म्हटली की गावातला वजनदार माणूस तलाठ्याला बसवून यादी सांगतो. त्यात गरिबाचं नाव जातं, पुढाऱ्याच्या भावकीचं राहतं. मशीन भावकी बघत नाही. ही परिणाम तपासणी म्हणजे आणखी एक फाईल. ती सहा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल आणि तोवर दर महिन्याला धान्य काळ्या बाजारात जात राहील. माझा विरोध आहे.

डेटावाला, लातूर:
कारकूनकाका म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. पण तपासणीला सहा महिने कशाला हवेत? मॉडेल बनवणाऱ्या कंपनीला दोन गोष्टी विचारा: अचूकता किती आणि कोड उघडा करणार का. अचूकता ९५ टक्के असेल आणि कोड सगळ्यांना बघायला मिळत असेल, तर विषय संपला.

गोदाकाठ:
विषय तिथे संपत नाही, उलट सुरू होतो. ९५ टक्क्यांचा हिशेब कागदावर करून बघा. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या तालुक्याचे घालून पुन्हा करा.

समजा तालुक्यात ३०,००० कार्डं आहेत आणि त्यातली २ टक्के, म्हणजे ६०० खरोखर बोगस. मॉडेल चांगलं आहे, त्या ६०० मधली ४८० पकडतं. उरलेल्या २९,४०० खऱ्या कार्डांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं, म्हणजे १,४७०. कंपनी सांगेल, ३०,००० पैकी २८,४१० कार्डांबाबत आमचं उत्तर बरोबर आलं, अचूकता जवळपास ९५ टक्के. त्यात खोटं काही नाही. पण तहसीलदारांच्या टेबलावर जी यादी येते ती १,९५० कार्डांची, आणि त्यातल्या दर चारांपैकी तीन घरं प्रामाणिक.

त्यामुळे पहिला प्रश्न अचूकतेचा नाही. यादीत नाव आलं की त्या घराचं धान्य त्याच महिन्यात थांबणार, की पडताळणी होऊन लेखी कारण मिळेपर्यंत चालू राहणार? अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. ते आधी बंद केलं, तर १,४७० घरं मशीनच्या चुकीपायी उपाशी राहतात. चालू ठेवलं, तर तीच चूक तलाठ्याच्या एका खेपेवर भागते. मॉडेल तेच, यादी तीच. फरक फक्त आधी काय करायचं एवढ्याचा, आणि तो काम सुरू होण्याआधी ठरवून लिहून ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न, ती ५ टक्के चूक कुणाच्या वाट्याला येते? बीडमध्ये याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात, मुकादमाची उचल घेतलेली असते, घराला कुलूप. मार्च-एप्रिलपर्यंत गावातल्या ई-पॉस मशीनवर त्या घराचा अंगठा लागत नाही. मॉडेलला दिसतं ते एवढंच: चार-पाच महिने धान्याची उचल नाही, कार्ड संशयित. समजा त्या खऱ्या कार्डांमध्ये ६,००० ऊसतोड कुटुंबांची आहेत आणि चुकीच्या १,४७० पैकी १,१७० त्यांचीच निघाली. म्हणजे त्यांच्यातल्या दर पाचांत एक घर अडकलं, आणि बाकीच्यांत शंभरात साधारण एक. सरासरी सांगितली की हे झाकलं जातं. कोड उघडा केला तरी हे दिसणार नाही, कारण चूक कोडमध्ये नाही. 'उचल नाही म्हणजे माणूस नाही' हे धरून चालण्यात आहे.

केजची लेक:
माझ्या आईचं असंच झालं. ती एकटी असते. वयामुळे बोटांच्या रेषा पुसल्यात, अंगठा घेतच नाही मशीन. दुकानदार म्हणाला तहसीलला जा. तहसीलला म्हणाले सेतू केंद्रात जा. तिथे म्हणाले आधार अपडेट करा. तीन महिने धान्य नाही. शेवटी मी नोकरीवरून सुट्टी काढून गेले, तेव्हा काम झालं. हे मॉडेल आलं तर अंगठ्याचा प्रश्न सुटेल का? सुटणार असेल तर माझा पाठिंबा आहे.

गोदाकाठ:
ताई, मॉडेलने अंगठ्याचा प्रश्न सुटणार नाही. उलट तुमच्या आईच्या नावापुढे तीन महिने 'उचल नाही' एवढंच नोंदलं गेलं असेल. दुकानापर्यंत जाऊन अंगठा लावायचा प्रयत्न तिने केला होता, हे मॉडेलला दिलेल्या माहितीत असतं का? नाकारलेला अंगठा आणि न आलेला माणूस या दोन गोष्टी एकाच खान्यात पडत असतील, तर तपासणीत ते आधीच सापडायला हवं. माजलगावकर, हा प्रश्न तुमच्या यादीत घ्याच.

निवृत्त अव्वल कारकून:
एक गोष्ट सगळे विसरताय. सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय करून पडताळणी करा, असा केंद्राचाच २०२५ चा आदेश आहे. मग ऊसतोडवाल्यांची अडचण मॉडेलने आणली असं कसं म्हणता? नियम आधीपासून आहे. शिवाय आता कुठल्याही दुकानातून धान्य घेता येतं. आणि मॉडेल फक्त यादी देणार, निर्णय तहसीलदारांचाच. माणूस आहे की मध्ये.

गोदाकाठ:
नियमाचं तुमचं म्हणणं मान्य. तो नियमही टोळीवाल्यांना जड जातो. पण नियम वाचता येतो. 'सहा महिने' म्हटलं की पाचव्या महिन्यात माणूस गावी येऊन अंगठा लावून जाऊ शकतो. मॉडेल दहा गोष्टी एकत्र करून संशयाचे ७३ गुण देतं. त्यातून सुटायला काय करायचं, ते कुणालाच सांगता येत नाही. कुठूनही धान्य घेता येतं हेही खरं, पण ऊसतोडीच्या ठिकाणच्या कोप्यांपासून दुकान किती लांब आहे आणि तिथला दुकानदार परगावच्या कार्डाला उभं करतो का, हे जाऊन आलेल्यांना विचारा.

आणि माणूस मध्ये आहे म्हणता, तर तो डिसेंबरात काय करेल ते बघा. तलाठी यादी घेऊन वस्तीवर जातो. घराला कुलूप. शेजारी म्हातारी सांगते, कारखान्याला गेलेत. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात तीनच पर्याय: हजर, मयत, आढळून आले नाही. तो तिसऱ्यावर खूण करतो. खोटं काही लिहिलेलं नाही, पण ज्या कारणाने मशीन चुकलं, त्याच कारणाने माणूसही चुकला. वरच्या कार्यालयात नोंद जाते की प्रत्यक्ष पडताळणीतही संशय खरा ठरला. पुढच्या वर्षी हीच नोंद मॉडेलला शिकवायला वापरतात आणि त्याची अचूकता कागदावर वाढते. मला सगळ्यात भीती याची वाटते, कारण बाहेरून हे सुधारणा झाल्यासारखंच दिसतं.

ते ओळखायचा एक उपाय आहे. यादीत न आलेल्या कार्डांतून चिठ्ठ्या टाकून दोनशे कार्डं काढा, यादीतली दोनशे काढा, आणि कुठलं कार्ड कुठल्या ढिगातलं हे तपासणाऱ्याला सांगू नका. पडताळणी मे महिन्यात करा, टोळ्या परतल्यावर. नमुन्यात चौथा पर्याय छापा: 'हंगामी स्थलांतर'. दोन्ही ढिगांत बोगस जवळपास सारखेच निघाले, तर मॉडेल काहीच शोधत नाही असं समजायचं.

देगलूर नाका:
आम्ही सीमेवर राहतो, पलीकडे पाहुणे आहेत. तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाच्या यंत्रणेने सरकारी खात्यांच्या नोंदी जोडून घरांची माहिती एकत्र केली. २०१४ ते २०१९ मध्ये तिकडे १८ लाखांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली. नावांच्या सारखेपणामुळे दुसऱ्याची चारचाकी गरिबाच्या नावावर दिसल्याची प्रकरणं पुढे आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करायला सांगितलं. फेरतपासणीचे जेवढे अर्ज तेव्हा निकाली निघाले होते, त्यांत साडेसात टक्के पात्र निघाले. आता आपल्याकडे बघा. एका गावात शेख रहीम किती, आणि त्याच नावाचे स्पेलिंग किती? एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शे., तिसऱ्यावर आडनाव शेवटी. कुठल्या खात्याच्या नोंदी जोडणार आणि नाव जुळलं हे कशावरून ठरवणार, हे आधी छापा.

डेटावाला, लातूर:
चिठ्ठ्यांचा मुद्दा पटला. अचूकतेबद्दल मी घाई केली. पण सगळंच छापलं तर बोगसवाले निकष वाचून सुटतील, त्याचं काय?

गोदाकाठ:
कोणती माहिती वापरता ते छापा, नेमका किती गुणांवर संशय धरता ते छापू नका. आधी परिणाम तपासायचा नियम कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१९ पासून केला आहे. खात्याने प्रश्नावली भरायची, उत्तरांवरून परिणामाची पातळी एक ते चार ठरते, पातळी वाढेल तशा अटी वाढतात, वरच्या दोन पातळ्यांवर अंतिम निर्णय माणसानेच घ्यायचा, आणि निकाल वापर सुरू करण्याआधी जाहीर करायचा. त्यातली कमजोरीही सांगतो: प्रश्नावली खातं स्वतःच भरतं. आपल्याकडे त्यावर उतारा आहे. अन्न सुरक्षा कायद्यात सामाजिक अंकेक्षण आहे आणि दक्षता समित्या आहेत. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारण सांगणं बंधनकारक आहे. ती प्रश्नावली ग्रामसभेत वाचा. मग दर महिन्याला दुकानाच्या फलकावर चार आकडे लावा: यादीत किती आले, किती तपासले, किती रद्द, किती परत सुरू.

निवृत्त अव्वल कारकून:
आकडे लावा, हरकत नाही. चौथा पर्याय छापायचं तर माझ्या काळातच व्हायला हवं होतं, ते कबूल करतो. पण नावंही लावा. गावात नाव वाचलं की मयताच्या कार्डावर कोण खातंय ते दहा मिनिटांत कळतं. चावडीवाचनाने जे होतं ते कुठल्या मशीनने होत नाही.

केजची लेक:
नावं नका लावू. आईचं कार्ड बंद होतं तेव्हा शेजारणीने विचारलं, तुमचं बोगस होतं का? ते तिला अजून लागून आहे.

माजलगावकर:
सोमवारी पुन्हा बैठक आहे. धान्य आधी थांबणार की नंतर, नाकारलेला अंगठा कुठल्या खान्यात, कुठल्या नोंदी जोडणार आणि पडताळणी कुठल्या महिन्यात, एवढे चार प्रश्न लिहून नेतोय. नावांचं माझंही ठरत नाही. काका म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ताईंचं वाचून हात आखडतो. इथे कुणी टोळीसोबत जाणारं असेल तर सांगा, तुमच्या मागे गावात नाव वाचलं गेलं तर ते तुमच्यापर्यंत पोचतं का?