‘चांगले कोलेस्टेरॉल’ : एचडीएल खूपच कमी किंवा खूपच जास्त असेल तेव्हा हा शब्द चालेल का?

सायली_अनुवाद
हृदयरोगावरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. आतापर्यंत एचडीएलसाठी सरळ ‘चांगले कोलेस्टेरॉल’ लिहीत आले. आता आनुवंशिक कारणांचं प्रकरण आलं आणि वाक्यं अशी व्हायला लागली : ‘या कुटुंबात चांगले कोलेस्टेरॉल अत्यंत कमी असूनही हृदयविकार दिसत नाही’, आणि पुढच्याच पानावर, ‘चांगले कोलेस्टेरॉल अति वाढल्याने या व्यक्तींना धोका अधिक.’ वाचणाऱ्याला वाटेल मीच चुकले. दुसरा शब्द शोधू, की मूळ मजकूरच तपासून घेऊ?

नंदू_सांगली
सायलीताई, मजकूर बरोबर आहे. इटलीतल्या एका गावात लोकांचं एचडीएल अगदी कमी असतं आणि तरी ते ठणठणीत असतात, हे मी वाचलंय. पण तो अपवाद झाला. बाकी जगात एचडीएल जितकं जास्त तितकं बरं. म्हणून शब्द बदलू नका, फार तर ‘हितकारक’ करा. उगाच लोकांच्या मनात शंका कशाला घालायची?

विद्या_जीवरसायन
नंदूभाऊ, इटलीचं तुम्ही बरोबर सांगितलंत. ‘जितकं जास्त तितकं बरं’ मात्र मला मान्य नाही, आणि सायलीची अडचण नेमकी त्यातूनच आली आहे.

आधी ते गाव. उत्तर इटलीत गार्दा सरोवराच्या काठी लिमोने नावाचं छोटं गाव आहे. १९७०च्या दशकात तिथला एक रेल्वे कर्मचारी मिलानमध्ये तपासणीला आला. एचडीएल अतिशय कमी, ट्रायग्लिसराइड वाढलेले, म्हणजे कागदावर तरी हृदयविकाराचा ठरलेला उमेदवार. प्रत्यक्षात रक्तवाहिन्यांच्या आजाराची चिन्हं नव्हती. त्याचे वडील आणि त्याची काही मुलं, सगळ्यांचं तसंच. चेझारे सिर्तोरी आणि ग्विदो फ्रांचेस्किनी यांनी शोध घेतला, तेव्हा एचडीएलच्या मुख्य प्रथिनात, अपो ए-१ मध्ये, बदल सापडला. त्या प्रथिनात २४३ अमिनो आम्लं असतात. त्यांतलं १७३ वं बदललेलं होतं, आर्जिनिनच्या जागी सिस्टीन. प्रथिनाला ‘मिलानो’ नाव पडलं. पुढे जवळपास सगळ्या गावाचं रक्त तपासलं आणि हा बदल असलेल्यांची वंशावळ अठराव्या शतकातल्या एका जोडप्यापर्यंत जाऊन पोचली.

बदललेलं प्रथिन रक्तात फार काळ टिकत नाही, लवकर निघून जातं, म्हणून कोणत्याही क्षणी मोजलं तर एचडीएल कमीच भरतं. सायलीसाठी मुद्दा हा : अहवालातला ‘एचडीएल’ आकडा एचडीएलच्या कणांची संख्या सांगत नाही आणि त्या कणांनी किती काम केलं हेही सांगत नाही. त्या घटकेला त्या कणांमध्ये किती कोलेस्टेरॉल भरलेलं आहे, एवढंच तो सांगतो. आणि ते कोलेस्टेरॉल एलडीएलमधल्या, म्हणजे लोक ज्याला ‘वाईट’ म्हणतात त्या कोलेस्टेरॉलसारखंच असतं, तोच रेणू. फरक वाहून नेणाऱ्या कणात आहे.

गौरी_ठाणे
मग माझं बघा ना. वय ४९. एकूण कोलेस्टेरॉल २६२, ट्रायग्लिसराइड ९०, एलडीएल १४८, एचडीएल ९६. खाली गुणोत्तर २.७ आणि त्यापुढे ‘कमी धोका’. आईचंही एचडीएल असंच नव्वदच्या पुढे असायचं. मामाला मात्र बावन्नाव्या वर्षी झटका आला होता. मी निर्धास्त राहू का? हा प्रश्न शब्दांच्या चर्चेत बसत नसेल तर माफ करा.

विद्या_जीवरसायन
बसतो, गौरीताई. शब्द दिशाभूल करतो म्हणजे काय, ते तुमच्याच अहवालात दिसतंय.

गुणोत्तर कसं निघालं? २६२ ला ९६ ने भागलं, आलं २.७. आता समजा तुमचं एचडीएल ५० असतं आणि बाकी सगळं हेच. एकूण २१६ झालं असतं, गुणोत्तर ४.३, आणि शेरा बदलला असता. एलडीएल मात्र दोन्ही वेळा १४८ च. एकूणातून एचडीएल वजा करा : २६२ वजा ९६, म्हणजे १६६. धमनीच्या भिंतीत साठू शकणारं कोलेस्टेरॉल ज्या कणांमध्ये असतं, त्या सगळ्यांचा हिशेब या १६६ मध्ये आहे. एचडीएल कितीही वाढलं तरी तो कमी होत नाही. भागाकारात मोठा छेद आल्यामुळे तो नजरेआड झाला, इतकंच.

त्यामुळे ‘९६ आहे म्हणून १४८ चालेल’ असं धरू नका. रक्तदाब, साखर आणि मामांचा इतिहास घेऊन डॉक्टरांकडे जा. तुमच्याकडे कोणता जनुकीय बदल आहे की नाही, हे या आकड्यांवरून कोणीच सांगू शकणार नाही. मद्य किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तरी एचडीएल वाढतं, तेही डॉक्टरांना सांगा.

नंदू_सांगली
पण ताई, एचडीएल रक्तवाहिनीतलं कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतं, हे तर खरं ना? मग जास्त एचडीएल म्हणजे जास्त सफाई. यात चूक कुठे?

विद्या_जीवरसायन
उचलून नेतं, खरं आहे. पण नेलेलं तिथे उतरलंही पाहिजे. तुम्ही सांगलीचे, म्हणून तुमच्याकडचंच सांगते. गळिताच्या हंगामात कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची लांबच लांब रांग लागली, तर त्यावरून त्या दिवशी ऊस जास्त गाळला गेला असं म्हणता येत नाही. काटा बंद पडला असेल, गव्हाण अडली असेल, तरी रांग वाढतेच. आणि ट्रॉल्या पटापट रिकाम्या होत असतील तर रस्त्यावर चारच दिसतील.

यकृताच्या पेशींवर एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल उतरवून घेणारा एक ग्राही असतो. त्याचं जनुक ‘एसकार्ब-१’. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने ‘सायन्स’ नियतकालिकात एका स्त्रीची नोंद दिली. तिच्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या आणि एचडीएल होतं १५२. बदललेला ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोचतच नाही, त्यामुळे माल उतरत नाही आणि रक्तात एचडीएल वाढत राहतं. ज्यांच्याकडे एकच बिघडलेली प्रत आहे अशा लोकांची पाहणी केली, तर त्यांचंही एचडीएल वाढलेलं आणि हृदयविकाराचा धोका कमी नव्हे, जास्त. बदल फार विरळ आहे. गौरीताईंनी तो स्वतःला लावून घेऊ नये. पण सायलीच्या दुसऱ्या वाक्यामागे बहुधा हेच आहे.

इक्बाल_फार्मा
यात भर घालतो. दुसरं कारण ‘सीईटीपी’ या प्रथिनाच्या अभावाचं, जपानमध्ये बरंच आढळणारं. हे प्रथिन एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल दुसऱ्या कणांकडे सरकवतं. ते नसलं की एचडीएल शंभराच्या वर जातं. सुरुवातीला याला दीर्घायुष्याचं लक्षण मानलं गेलं. पण अकिता भागातल्या ओमागारीत, जिथे हा बदल पुष्कळ आहे, तिथल्या पाहणीत तसं काही दिसलं नाही.

त्याच प्रथिनाला अडवणारं टॉर्सेट्रापिब हे औषध सुमारे १५,००० रुग्णांवर तपासलं जात होतं. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते. आम्ही या धंद्यातले लोक तो दिवस विसरणार नाही.

विद्या_जीवरसायन
इक्बालभाई, एक दुरुस्ती. ते औषध रक्तदाब आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही वाढवत होतं. म्हणून नुकसान एचडीएल वाढल्यामुळेच झालं असं त्या चाचणीवरून म्हणता येत नाही. आकडा इतका वाढूनही संरक्षण मिळालं नाही, एवढंच म्हणता येतं.

इक्बाल_फार्मा
मान्य. पण मिलानोचं प्रथिन शिरेतून देण्याचा प्रयोग २००३ मध्ये गाजला होता, धमन्यांमधला थर थोडा कमी झाला म्हणून. नंतर त्याच प्रथिनाच्या नव्या औषधाची चाचणी झाली, तिच्यात फायदा दिसला नाही. मग लिमोनेचे लोक त्या प्रथिनामुळेच वाचतात असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

विद्या_जीवरसायन
प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढ्या लहान गावात, एकाच कुळातल्या मोजक्या लोकांवरून त्या प्रथिनात खास संरक्षक गुण आहे असं सिद्ध होत नाही. त्यांचं एचडीएल खूप कमी आहे आणि त्या प्रमाणात आजार दिसत नाही, इथवर मी ठाम आहे.

राजाभाऊ_जिम
माझं एचडीएल १६ आलंय. ट्रायग्लिसराइड ११०. म्हणजे माझ्यातही ते इटलीचं जनुक असणार? घरच्यांना सांगू का घाबरू नका म्हणून?

विद्या_जीवरसायन
राजाभाऊ, थांबा. मिलानो सोडून बाकीची कारणं आधी बघायची असतात. तुमच्या नावात जिम आहे म्हणून स्पष्ट विचारते : स्नायू वाढवण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेता का? त्यांनी एचडीएल इतकं खाली येतं. उत्तर इथे लिहू नका, डॉक्टरांना खरं सांगा. ती बंद केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात.

तसं काही नसेल आणि पुन्हा मोजल्यावरही विसाच्या खालीच असेल, तर मग अपो ए-१ मोजतात आणि माणूसही नीट तपासतात. टॉन्सिल नारिंगी-पिवळे आणि मोठे असतील, हातापायाला बधिरपणा असेल, तर टँजियर रोगाचा विचार होतो. व्हर्जिनियाजवळच्या टँजियर बेटावरच्या भावंडांमध्ये तो १९६१ च्या सुमारास ओळखला गेला. त्यात पेशींमधून कोलेस्टेरॉल बाहेरच पडत नाही, म्हणून एचडीएल पाचाच्याही खाली असतं. बुबुळावर धुरकटपणा आणि लघवीतून प्रथिन जात असेल तर एलकॅट नावाच्या विकराचा अभाव, आणि त्यात खरी भीती मूत्रपिंडाची असते. एचडीएल दोघांत अगदी तळाला असतं, आजार मात्र वेगळे. म्हणून १६ वाचून घाबरूही नका आणि घरच्यांना निर्धास्तही करू नका.

सायली_अनुवाद
खूप मदत झाली. माझं ठरलं ते असं : ‘चांगले कोलेस्टेरॉल’ फक्त एकदा, पहिल्या पानावर, ‘ज्याला बोलीत … म्हणतात’ असं. पुढे सगळीकडे ‘एचडीएल’. आकड्याबद्दल बोलताना ‘एचडीएलमधील कोलेस्टेरॉल’. म्हणजे ते वाक्य होईल : ‘या व्यक्तींच्या यकृतात एचडीएलमधील कोलेस्टेरॉल नीट उतरत नाही, त्यामुळे रक्तातील त्याची पातळी वाढते, आणि धोका कमी होत नाही.’

विद्या_जीवरसायन
वाक्य स्वच्छ आहे. शेवट मात्र ‘धोका वाढलेला आढळतो’ असा कर. त्या जनुकापुरतं तेच खरं आहे. सीईटीपीच्या परिच्छेदात मात्र तसं लिहू नकोस, तिथे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

नंदू_सांगली
मला अजून वाटतं की सामान्य वाचकाला ‘चांगले’ हा शब्द लागतो. ‘एचडीएलमधील कोलेस्टेरॉल’ माझी आई वाचणार नाही. पण ट्रॉल्यांचं तिला समजेल.

गौरी_ठाणे
मी शुक्रवारची वेळ घेतली आहे. अहवालावर १६६ पेनने लिहून नेते.