मदत हवी आहे: अंडी, डाळ, सोया, पनीर – एका ग्रॅम प्रोटीनला कितीला पडतं? माझा हिशोब कुठं गंडलाय?

सागर_राजारामपुरी

मी आणि माझा रूममेट राजारामपुरीत खोली घेऊन राहतो. मी गोकुळ शिरगावला कामाला आहे, तो विद्यापीठात शिकतोय. रात्रीचं जेवण खोलीवरच करतो. माणशी 35-40 रुपयांच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. तो सोमवारी आणि गुरुवारी अंडं खात नाही, मला काही चालतं.

गेल्या महिन्यात वहीत हिशोब मांडला. भाव मी मोजले तेच धरलेत: अंडं 7 रुपये, तूरडाळ 130 किलो, सुट्या सोयाबीन वड्या 140 किलो, पनीर 400 किलो. नेटवर बघून 100 ग्रॅमला प्रोटीन लिहिलं: डाळ 22, सोया 52, पनीर 18. अंड्यात 6.

आता घोळ असा की डिजिटल काट्यावर मोजून रोज माणशी 60 ग्रॅम सोया आणि 150 ग्रॅमची वाटीभर आमटी घेतो, म्हणजे 31 अधिक 33, एकूण 64 ग्रॅम. एवढं खाऊनसुद्धा दहा वाजता पोटात कावळे ओरडतात आणि खाली वडापावच्या गाडीवर जावं लागतं. एवढं प्रोटीन पोटात गेल्यावर भूक लागायला नको ना? का भाव बघून मी चुकीची वस्तू घेतोय?

पक्या_रंकाळा

भावा, डाळीचं प्रोटीन अंगाला लागतच नाही. ते अपूर्ण असतंय. अंडी खा, विषय संपला. 64 काय आणि 100 काय, डाळीचं सगळं पाण्यात.

मेसवाल्या काकू

सागर, एक सांग. ते 60 ग्रॅम सोया कोरडं मोजतोस की भिजवून पिळून झाल्यावर? आणि आमटी शिजलेली काट्यावर ठेवतोस ना?

सागर_राजारामपुरी

दोन्ही शिजल्यावरच. ताटात वाढताना वाटी काट्यावर ठेवतो.

मेसवाल्या काकू

मग सापडलं. तुझे 22 आणि 52 हे आकडे कोरड्या मालाचे आहेत, आणि तू मोजतोयस पाणी प्यालेला माल.

मी शाहूपुरीत चौदा वर्षं मेस चालवली, पोरांचं पोट भरतंय का हे ताटातल्या वाटीवरून कळत नाही, डब्यातून किती डाळ काढली त्यावरून कळतं. कोरडी वडी भिजवून पिळली की साधारण तिप्पट भरते. म्हणजे तुझ्या 60 ग्रॅममध्ये कोरडा माल 20 ग्रॅमच, आणि प्रोटीन 10 च्या आसपास. आमटीचं तर विचारूच नकोस. पातळ आमटीच्या वाटीत 25 ग्रॅम डाळ असली तरी नशीब, म्हणजे पाच-साडेपाच ग्रॅम. तुझे 64 झाले 16.

आता पैशाचं बघ. कोरड्या मालावर तुझेच भाव लावले तर सोया एका ग्रॅमला 27 पैसे, तूरडाळ 59 पैसे, अंडं 1 रुपया 17 पैसे, पनीर 2 रुपये 22 पैसे. म्हणजे तू वस्तू बरोबर निवडल्यास, वाटी चुकीची वाचलीस.

काटा ताटाजवळ ठेवू नकोस, डाळीच्या डब्याजवळ ठेव. दोघांसाठी कुकरला 60 ग्रॅम डाळ लावली तर तीन वाट्या कर नाहीतर पाच, प्रोटीन 13 ग्रॅमच. पाणी वाढलं म्हणून प्रोटीन वाढत नाही, फक्त पळी जास्त वेळा बुडते.

सागर_राजारामपुरी

अरे देवा. काल रात्री 100 ग्रॅम कोरड्या वड्या मोजून भिजवल्या. पिळून काट्यावर ठेवल्या, 310 ग्रॅम. रूममेट हसून लोळतोय.

संभाजी_पैलवान_बाबा

काकू, माझं पोरगं तालमीत जातंय. वस्तादांनी दूध-तूप सांगितलंय. पनीर घरात केलं तर परवडल का? दुकानातलं खरं-खोटं काय कळत नाय.

मेसवाल्या काकू

दादा, सागरचा प्रश्न वेगळा आहे, पण सांगते. म्हशीच्या एक लिटर दुधाचं 200 ग्रॅमच्या आसपास पनीर बसतं, त्यात प्रोटीन 34-35 ग्रॅम. दूध 70 रुपये धरलं तर एका ग्रॅमला दोन रुपयेच आले. थोडं स्वस्त पडतं, पण फार मोठी बचत नाही, गॅस वेगळाच. खात्री हवी म्हणून करा, पैसे वाचतील म्हणून नको. आणि फाडलेलं पाणी ओतू नका, त्यात थोडं प्रोटीन राहतं, त्यात कणीक मळा. पोराला तसंच दूध पचत असेल तर फाडायचा उद्योग कशाला?

पक्या_रंकाळा

पण काकू, माझं म्हणणं राहिलंच की. डाळ अपूर्ण नाही का?

मेसवाल्या काकू

अर्धं बरोबर आहेस. डाळीत जे कमी पडतं ते भातात आणि भाकरीत असतं, भाकरीत जे कमी ते डाळीत. आमटीबरोबर भाकरी खाल्लीस की एकमेकांची उणीव भरून निघते. अंड्याचं पचतं जास्त चांगलं, हे मात्र खरं, डाळीचं थोडं वाया जातं. तरी डाळीच्या प्रोटीनमधून दहा-वीस टक्के कापले, तरी 59 पैशांची डाळ अंड्याच्या भावाला येत नाही.

शिवाय सागरनं भाकरी हिशोबात धरलीच नाही! ज्वारीच्या पिठात 100 ग्रॅमला 10 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. दोन भाकरीला 120 ग्रॅम पीठ गेलं तर 12 ग्रॅम तिथंच आले.

सागर_राजारामपुरी

मग असं करू का? माणशी 30 ग्रॅम कोरड्या वड्या (15-16 ग्रॅम प्रोटीन, 4 रुपये 20 पैसे), 30 ग्रॅम डाळीची दाट आमटी (साडेसहा ग्रॅम, 3 रुपये 90 पैसे), आणि दोन भाकरी. मिळून 34 च्या घरात. कांदा, टोमॅटो, तेल, कांदा-लसूण मसाला 12 रुपये आणि पीठ 6 रुपये धरलं तर 26 होतात. उरलेल्या पैशात ज्या दिवशी चालतं त्या दिवशी डाळीऐवजी एक अंडं, मग तीनएक रुपये वाढतील.

मेसवाल्या काकू

चालेल. वड्या मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेव, गार पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळ. पाणी राहिलं तर मसाला आत शिरत नाही आणि तो सोयाचा वास ताटापर्यंत येतो. आणि रोज नको रे, सलग सोया खाल्लं की मेसमधली निम्मी पोरं गॅसची तक्रार घेऊन यायची. एक दिवसाआड मटकी लाव.

सागर_राजारामपुरी

आजच मंडईतून मटकी आणतो. रूममेट म्हणतोय मोड आल्यावर ती पण फुगते, मग कोरडीच मोजायची का? हा प्रश्न आता त्यानं विचारलाय, मी नाही.

पक्या_रंकाळा

मोड आल्यावर प्रोटीन दुप्पट होतंय, असं ऐकलंय.

मेसवाल्या काकू

कोरडीच मोजा. मोड आल्यावर पाणी वाढतं, प्रोटीन दुप्पट होत नाही. पक्या, तू परवा खोलीवर जेवायला ये, काट्यावर तुलाच बसवते.